आभारप्रदर्शनात युनिटचा आकडा कसा सांगावा

प्रश्न: "रविवारी आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे आणि आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलंय. शेवटी किती युनिट जमले ते सांगायचंय, आणि युनिट म्हणजे काय हेही लोकांना कळेल असं बोलायचंय. 'एक युनिट म्हणजे तीन जीव' म्हटलं तर चालेल ना? की लिटरमध्ये सांगू? तसं जास्त भारी वाटेल."

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आभारप्रदर्शन चालू असतं तेव्हा मी बहुतेक वेळा मंडपाच्या मागच्या बाजूला बसून पिशव्या मोजत असते. त्यामुळे माईकवरून सांगितला जाणारा आकडा आणि माझ्यासमोरच्या खोक्यातला आकडा एकाच वेळी माझ्या कानावर आणि डोळ्यांवर पडतो. ते दोन्ही जुळले, असं फार कमी वेळा घडलंय. यात कुणी खोटं बोलत नसतं. बोलणाऱ्याने वेगळंच काहीतरी मोजलेलं असतं, एवढंच. तुम्ही शब्द शोधताय, पण अडचण खरं तर मोजण्यात आहे. नेमकं काय मोजायचं हे एकदा ठरलं की वाक्यं आपोआप सुचतात.

आधी युनिटबद्दल. जुनी मंडळी अजून "किती बाटल्या जमल्या?" असं विचारतात, कारण रक्त काचेच्या बाटलीत घेत तेव्हाचा तो शब्द आहे. आता बाटली नाही, प्लॅस्टिकची पिशवी आहे. पण त्या विचारण्यात एक गोष्ट अगदी बरोबर आहे: युनिट हे माप नाही, नग आहे. एका माणसाने एका वेळी दिलेलं आणि एका पिशवीत नीट भरलेलं रक्त म्हणजे एक युनिट. आपल्याकडे ते सर्वसाधारणपणे ३५० मिलिलिटर किंवा ४५० मिलिलिटर असतं. दात्याचं वजन ४५ ते ५५ किलोच्या दरम्यान असेल तर ३५०, ५५ च्या वर असेल तर ४५० घेता येतं. दोन्ही पिशव्या मोजताना एकेक युनिटच धरतात.

माप ठरलेलं का असतं, हे समजलं तर पुढचं सोपं जाईल. पिशवी आपल्याला रिकामी दिसते, पण तिच्यात आधीपासून रक्त गोठू न देणारं द्रावण असतं. ४५० च्या पिशवीत ते ६३ मिलिलिटर असतं आणि ३५० च्या पिशवीत ४९. म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तामागे १४ मिलिलिटर. हे प्रमाण बिघडलं तर चालत नाही. रक्त कमी आलं तर द्रावण जास्त होतं आणि तांबड्या पेशींना ते मानवत नाही. रक्त जास्त आलं तर आत गुठळ्या होण्याची भीती. म्हणून दात्याच्या शेजारी ते डुलणारं यंत्र असतं. ते पिशवी हलवत राहतं आणि वजनही करतं. साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४५० च्या पिशवीत ४०५ ते ४९५. एखाद्याची शीर मध्येच दगा देते, धार थांबते आणि पिशवी दोनशेवर अडकते. त्या माणसाने रक्तदान केलंय यात शंका नाही. पण ती पिशवी आम्ही बाजूला काढतो आणि ती युनिटमध्ये धरली जात नाही.

आता एका शिबिराचं उदाहरण देते. त्या दिवशी १४२ जणांनी अर्ज भरले. त्यातल्या १९ जणांना तपासणीत थांबवावं लागलं. कुणाचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली होतं, कुणाचा रक्तदाब चढलेला होता, कुणाला मागचं रक्तदान करून तीन महिनेही झाले नव्हते. चार जण रांगेला कंटाळून निघून गेले. उरलेल्या ११९ जणांना सुई लागली. त्यातल्या दोघांच्या पिशव्या अर्धवट राहिल्या. पूर्ण पिशव्या भरल्या ११७.

आभार मानणाऱ्या गृहस्थांनी माईकवर सांगितलं, "एकूण १४२ युनिट रक्त संकलित झालं." त्यांनी नोंदणीच्या टेबलावरचा शेवटचा अनुक्रमांक पाहिला होता. त्यांच्याच मंडळाच्या खजिनदारांनी वाटलेली प्रमाणपत्रं मोजली होती, त्यांच्याकडे ११९ होते. आणि आमच्या पत्रावर ११७. पुढे आठवडाभर खजिनदार रक्तपेढीला फोन करून विचारत होते की आमच्या दोन पिशव्या गेल्या कुठे. त्यांना १४२ चा पत्ता नव्हता हे आमचं नशीब, नाहीतर २५ पिशव्यांचा हिशोब मागितला असता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की आकडा रक्तपेढीच्या माणसाकडून घ्या, आणि घेताना "किती झाले?" असं विचारू नका. "पूर्ण भरलेल्या पिशव्या किती?" असं विचारा. प्रत्येक पिशवीवर क्रमांक असतो. तोच क्रमांक दात्याच्या अर्जावर असतो आणि तपासणीसाठी घेतलेल्या नळ्यांवरही असतो. आम्ही खोकं बंद करण्यापूर्वी हे तिन्ही जुळवतो. ते जुळवून झाल्यावर मिळणारा आकडा पक्का. तुमचं भाषण त्याच्या आधी येणार असेल, म्हणजे शेवटचे दाते अजून खाटेवर असतील, तर "आत्तापर्यंत" हा शब्द घाला आणि पुढे जा. शिबिर संपायच्या आत आभार मानायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, त्यात काही गैर नाही.

लिटरचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. एक तर लोक ११७ ला सरळ ४५० ने गुणतात आणि ५२ लिटरच्या वर सांगतात. आमच्या त्या ११७ पैकी ७६ पिशव्या ४५० च्या होत्या आणि ४१ पिशव्या ३५० च्या. खरा हिशोब साडेअठ्ठेचाळीस लिटरच्या आसपास येतो. पण गुणाकार बरोबर आला तरी लिटर हे परिमाण इथे निरुपयोगी आहे. दवाखान्यात कुणी लिटरने रक्त मागत नाही. डॉक्टर लिहितात, "दोन पिशव्या." शिवाय लिटर म्हटलं की सगळं रक्त एका मोठ्या भांड्यात ओतल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात कधीच मिसळत नाही. ११७ पिशव्या शेवटपर्यंत ११७ वेगवेगळ्या माणसांच्याच राहतात.

आता "तीन जीव". हे वाक्य मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं शिबिरांत म्हणत आलेय, त्यामुळे मला त्याचा मोह कळतो. त्यात थोडं तथ्यही आहे. एका पिशवीतलं रक्त यंत्रात फिरवून वेगळं केलं की त्यातून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन घटक मिळू शकतात. ते तीन वेगवेगळ्या रुग्णांना दिले जाऊ शकतात. "शकतात" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, आणि माईकवर नेमका तोच गळतो.

प्रत्येक रक्तपेढीत घटक वेगळे करायची सोय नसते. जिथे असते तिथेही सगळ्या पिशव्या तीन कप्प्यांच्या नसतात. आमच्या त्या शिबिरात ४५० च्या पिशव्या तिहेरी होत्या आणि ३५० च्या दुहेरी. दुहेरीतून तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा एवढंच मिळतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी ७६ चे तीन-तीन आणि ४१ चे दोन-दोन, असे मिळून ३१० घटक झाले असते. "११७ गुणिले तीन, ३५१ जीव" हा हिशोब इथेच कोसळतो.

आणि सुरळीत झालंही नाही. प्लेटलेट वेगळ्या करायच्या असतील तर रक्त घेतल्यापासून काही तासांतच करावं लागतं. कुठे सहा तासांची मर्यादा पाळतात, आमच्याकडे आठ तासांची आहे. तोपर्यंत ती पिशवी फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही, कारण प्लेटलेटना थंडी सोसत नाही. त्यांना २० ते २४ अंश लागतात. त्या दिवशी पहिली सुई सकाळी ८:४० ला लागली. समारोप दोनला होता, पण प्रमुख पाहुणे सव्वातीनला आले. सगळ्या पिशव्यांसोबत फोटो हवा होता म्हणून गाडी थांबवून ठेवली. आम्ही निघालो तेव्हा चार वाजायला आले होते. पोचून, नोंदी करून पहिल्या पिशव्या यंत्रात जाईपर्यंत पावणेसहा. पावणेदहाच्या आधी घेतलेल्या सगळ्या पिशव्यांची वेळ उलटली होती. त्यात १८ तिहेरी होत्या. त्यांतून तांबड्या पेशी मिळाल्या, प्लाझ्माही मिळाला, पण प्लेटलेट गेल्या. ७६ च्या ५८ राहिल्या.

आता या ५८ म्हणजे ५८ रुग्ण का? नाही. मोठ्या माणसाला प्लेटलेट द्यायच्या तर एका पिशवीच्या पुरत नाहीत. एका वेळी साधारण चार ते सहा दात्यांच्या प्लेटलेट लागतात. म्हणजे ५८ दात्यांच्या मिळून दहा ते चौदा मोठी माणसं. लहान मुलाला अर्थात कमी पुरतात. प्लाझ्माचंही तेच. किलोमागे १० ते १५ मिलिलिटर द्यावा लागतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मिलिलिटर तरी हवा, आणि एका पिशवीतून साधारण २०० निघतो. तीन-चार दाते एका रुग्णाला. म्हणजे उलट्या बाजूने पाहिलं तर पुष्कळदा एक दाता तीन रुग्णांना नव्हे, चार-पाच दाते एका रुग्णाला, असं चित्र दिसतं. मला तरी हे चित्र जास्त आवडतं, आणि ते खरंही आहे. शेजारी शेजारी खाटांवर झोपलेल्या पाच अनोळखी माणसांच्या प्लेटलेट परवा एकाच रुग्णाला चढू शकतात.

परवा म्हणायचं कारण असं की प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस, आणि गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. भाषणात हे सगळं सांगू नका. मी तुमच्या माहितीसाठी लिहितेय, कारण कार्यक्रम झाल्यावर कुणीतरी हटकून विचारतं, "आमचं रक्त किती दिवस ठेवता?"

मग युनिट म्हणजे काय हे लोकांना कसं सांगायचं? मला एकच गोष्ट उपयोगी पडलेली आहे: तांबड्या पेशींची एक पिशवी चढवली की मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढतं. ही गोष्ट लोकांना लगेच कळते, कारण तासाभरापूर्वीच प्रत्येकाच्या बोटाला टोचून त्याचं हिमोग्लोबिन सांगितलेलं असतं. "माझं १४ आलं", "माझं १३.२" अशी चर्चा मंडपात चालूच असते. त्या आकड्याला धरून बोललात की युनिट हा शब्द हवेत राहत नाही. समजा बाळंतपणात रक्त गेल्यामुळे एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन सहावर आलंय. एका पिशवीने ते सातच्या आसपास जाईल, दोन पिशव्यांनी आठच्या. सहावरून बाराला नेणारी जादूची पिशवी नसते. अंगाची चण लहान असेल तर थोडं जास्त वाढतं, मोठी असेल तर कमी, आणि रक्तस्राव चालू असेल तर हा हिशोब लागूच पडत नाही. पण सभेत "साधारण एक ग्रॅम" एवढं पुरेसं आहे.

दुसरं उदाहरण थॅलेसेमियाच्या मुलांचं. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, तेही आयुष्यभर. तिथे "जीव वाचला" ही भाषा बसत नाही. त्या मुलाला मिळालेली पिशवी म्हणजे पुढचे तीन-चार आठवडे शाळेत जाता येणं. माझ्या मते युनिटचा याहून नेमका अर्थ सांगता येत नाही. समोर लहान मुलं आणि आईबाप बसलेले असतील तर मी हेच उदाहरण घेईन, नाहीतर हिमोग्लोबिनचं. दोन्ही एकदम नको, कारण आभारप्रदर्शनाच्या वेळी लोकांचा अर्धा पाय मंडपाबाहेर असतो.

आता काही गोष्टी माईकवर बोलू नयेत अशा. थांबवलेल्यांचा आकडा सांगायचा तर सांगा, पण कारणं सांगू नका आणि नावं तर मुळीच नको. एका शिबिरात मोठ्या कौतुकाने सांगितलं गेलं की अमुक ताईंचं हिमोग्लोबिन नऊ असूनही त्या रांगेत उभ्या होत्या. त्या ताई समोरच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही. अर्धवट राहिलेल्या पिशव्यांचाही उल्लेख करू नका, कारण त्या कुणाच्या हे शेजारच्या खाटेवरच्याला माहीत असतं. रक्तगटांची यादी वाचायचाही मोह आवरा. दात्याने अर्जात लिहिलेला गट आणि प्रयोगशाळेत निघालेला गट नेहमी एकच असतो असं नाही.

आणि "११७ युनिट रुग्णांना मिळणार" असंही म्हणू नका. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी होते. त्यात एखादी पिशवी बाद होऊ शकते. तो निकाल शिबिरानंतर येतो आणि तो रक्तपेढी आणि दाता यांच्यातच राहतो. म्हणून शब्द वापरायचा तो "संकलित". संकलित ११७ हे आजही खरं आहे आणि तपासणीनंतरही खरंच राहील.

वेळेबद्दल एक. वर पाहुण्यांची गोष्ट सांगितली, पण त्या दिवशी आभारप्रदर्शनही २२ मिनिटं चाललं होतं. मी घड्याळ लावून बसले होते. रक्तपेढीच्या माणसाला आधीच विचारून ठेवा की पहिली पिशवी किती वाजता घेतली आणि गाडी किती वाजता निघायला हवी. शक्य असेल तर दुपारी एक फेरी आधीच पाठवायला सांगा. फोटोसाठी रिकामी पिशवी आम्ही आनंदाने देतो.

वरच्या सगळ्यातून मी तुमच्या जागी असते तर साधारण असं बोलले असते. आकडे आमच्या त्या शिबिराचे आहेत, तुम्ही तुमचे घाला:

"आज सकाळपासून इथे १४२ जण रक्त द्यायला आले. त्या १४२ जणांचे मी आधी आभार मानतो. काहींना डॉक्टरांनी आज थांबायला सांगितलं. ते थांबणं त्यांच्या आणि रुग्णाच्या भल्यासाठी आहे, तेव्हा तेही आमच्या यादीत आहेत. आज एकूण ११७ युनिट रक्त संकलित झालं. युनिट म्हणजे एका माणसाने दिलेली एक पूर्ण पिशवी. मघाशी तुमच्या बोटाला टोचून तुमचं हिमोग्लोबिन सांगितलं, आठवतंय ना? एखाद्या रुग्णाचं ते सहावर येतं, तेव्हा त्याला तुमच्यातल्या एकाची पिशवी सहावरून सातवर नेते आणि दुसऱ्याची पिशवी सातवरून आठवर. कुणाला प्लेटलेट लागल्या तर तुमच्यातले चार-पाच जण मिळून त्याची एक वेळची गरज भागवतात. तुमची पिशवी कुणाला गेली ते तुम्हाला कधी कळणार नाही आणि त्यालाही कळणार नाही. रक्तपेढीचे डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिका पहाटे निघून इथे आले. त्यांची गाडी वेळेत पोचली पाहिजे, म्हणून त्यांचे आभार मानून मी थांबतो."

शांतपणे म्हटलं तरी हे दोन मिनिटांच्या आत संपतं. देणगीदार, मंडपवाले, जागा देणारे यांची नावं तुम्हाला घ्यावीच लागतील. ती युनिटच्या आकड्याआधी घ्या. नंतर घेतलीत तर आकडा नावांखाली दबतो आणि घरी जाताना लोक एकमेकांना विचारतात, "किती म्हणाले रे?"

तुमच्या मंडळाच्या पोस्टवर किंवा बातमीत आकडा द्यायचा असेल तर एक रात्र थांबा आणि रक्तपेढीच्या पत्रावरचाच द्या. माईकवर तुम्ही "आत्तापर्यंत ११२" म्हणाला असाल आणि पत्रावर ११७ असेल, तर कुणाला काही खटकत नाही. उलटं झालं तर खजिनदारांचा फोन मला येतो.